दोन लक्षणांचा नियम: जुलाबाच्या केसमध्ये प्लॅन ए, बी की सी?

पेपरात केस साधारण अशी येते. नऊ महिन्यांचा मुलगा, शिरोळ तालुक्यातला. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब, कालपासून आठ वेळा, शिवाय तीन उलट्या. वजन ७.२ किलो, दंडाचा घेर १२.८ सेंटिमीटर, पायांवर सूज नाही. आई म्हणते, "पोरगं सारखं किरकिर करतंय. वाटी दिसली की झडप घालतंय." तपासताना मूल चिडचिडं आहे, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश जागेवर जाते. जीभ कोरडी, नाडी १४०, अंगात थोडी कणकण. संडासात रक्त नाही. पुढे काय कराल?

चार पर्याय: रिंगर लॅक्टेट ७२० मिली सहा तासांत शिरेतून, ओआरएस ५४० मिली चार तासांत तोंडाने, प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली ओआरएस देऊन घरी पाठवणे, पाच टक्के डेक्स्ट्रोज आणि अँटिबायोटिक.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात बालरोगच्या पोस्टिंगला नव्याने आलेल्यांपुढे ही केस ठेवली, तर बरेच जण पहिला पर्याय धरतात. आठ जुलाब, खोल डोळे, नाडी १४० एवढं वाचलं की हात आपोआप सलाईनकडे जातो. उत्तर मात्र दुसरं आहे. ते का, आणि कुठला शब्द बदलला तर पहिला पर्याय बरोबर ठरेल, हे या लेखात बघू. आधार जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याचा आणि आपल्याकडच्या आयएमएनसीआय या बालआजारांच्या उपचार-मार्गदर्शिकेचा घेतला आहे, कारण दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांवरचे बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात.

आधी वय, वजन आणि दंडाचा घेर

लक्षणांकडे वळण्याआधी या तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारा. वयावरून शिरेतल्या द्रवाचा वेग ठरतो आणि वजनावरून त्याचं प्रमाण. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर मूल अतितीव्र कुपोषित आहे. मग नेहमीचा तक्ता तसाच्या तसा वापरता येत नाही. त्याकडे शेवटी येऊ. आपल्या केसमधला घेर १२.८ आहे आणि सूज नाही, म्हणजे ती वाट बंद.

वजन दिलं नसेल तर वयावरून अंदाज घ्यायची सोय तक्त्यात आहे, पण वजन दिलं असेल तर हिशोब वजनावरच करायचा.

चार लक्षणं, आणि ती खरोखर कशी बघायची

तक्ता चारच गोष्टी विचारतो: मुलाची एकूण अवस्था, डोळे, पाणी पिणं आणि कातडीची चिमटी. कोरडी जीभ, अश्रू न येणं, खोल टाळू, कमी लघवी या गोष्टी केसमध्ये भरपूर पेरलेल्या असतात. त्या खऱ्याही असतात, पण वर्गवारीच्या मोजणीत धरल्या जात नाहीत. अश्रू आणि जीभ पूर्वीच्या तक्त्यांत होती, त्यामुळे जुन्या नोट्स वाचणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो.

एकूण अवस्था. "मलूल" म्हणजे नुसतं झोपलेलं मूल नव्हे. झोपलं असेल तर आईला उठवायला सांगा. उठल्यावर आईकडे बघतं का, आवाजाकडे लक्ष देतं का, हे पाहायचं. शून्यात बघत पडून असेल, भोवती काय चाललंय याची दखलच घेत नसेल, तर ते मलूल. उठवूनही उठत नसेल तर बेशुद्ध. "चिडचिडं" म्हणजे सारखं किंवा हात लावला की दरवेळी किरकिरणारं. अंगावर पाजताना गप्प होतं आणि सोडलं की पुन्हा किरकिर सुरू, तरीही हे लक्षण आहेच. प्रश्नात "स्तनपान करताना शांत" असा तुकडा टाकून फसवतात, तो ओळखा.

डोळे. खोल वाटतात का ते आधी स्वतः ठरवा, मग आईला विचारा, "नेहमीपेक्षा वेगळे वाटत्यात का?" काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात. कोल्हापूरकडची आई "डोळं आत गेल्यात" असं आपणहून म्हणाली तर तो शब्द मोलाचा धरा, कारण कालचा चेहरा तिनेच पाहिलाय.

पाणी पिणं. हे लक्षण विचारून कळत नाही, वाटी-चमच्याने देऊन बघावं लागतं. मूल स्वतः अशक्त आहे, मदतीशिवाय पिऊ शकत नाही, तोंडात घातलं तरच गिळतं, म्हणजे "नीट पीत नाही". चमच्याकडे झेपावतं आणि काढून घेतला की रडतं, म्हणजे "अधाशासारखं पितं". आणि लाडीगोडी लावून दोन घोट घेतले, पुढे नको म्हणालं, तर ते अधाशासारखं पिणं नव्हे. अशा केसमध्ये लक्षण नाही असंच धरायचं. उलटी होते म्हणून "पीत नाही" असंही नव्हे. प्यायलेलं बाहेर पडणं वेगळं आणि पिताच न येणं वेगळं.

चिमटी. इथे हात चुकला की वर्ग चुकतो. मूल पाठीवर सपाट, हात अंगालगत, पाय सरळ. आईच्या मांडीवर वाकून बसलेल्या मुलाच्या पोटाला घडी असतेच. बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधोमध जागा घ्या. अंगठा आणि तर्जनी वापरा, पण नुसत्या टोकांनी चिमटू नका, त्याने दुखतं आणि घडीही नीट येत नाही. घडी शरीराच्या लांबीला समांतर, आडवी नाही. कातडी आणि तिच्याखालचा थर दोन्ही उचला, एक सेकंद धरा, सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. क्षणभर का होईना, उभी राहिलेली दिसली तर "सावकाश". दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ राहिली तर "फार सावकाश".

प्रश्नात हाच फरक एका शब्दावर टांगलेला असतो. "सावकाश" वाचलंत की पुन्हा वाचा, मागे "फार" आहे का.

मोजणी वरून खाली

सर्वांत गंभीर रकान्यापासून सुरुवात करायची. सिव्हिअर डिहायड्रेशनची लक्षणं चार: मलूल किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पिऊ न शकणं किंवा नीट न पिणं, चिमटी फार सावकाश जाणं. यातली कोणतीही दोन असली की वर्ग ठरला, पुढे वाचायची गरज नाही. दोन नसतील तर एक पायरी खाली या. सम डिहायड्रेशनची, म्हणजे काही प्रमाणात पाणी कमी झाल्याची, चार: चिडचिडं, डोळे खोल, अधाशासारखं पिणं, चिमटी सावकाश जाणं. यातलीही दोनच लागतात. तीही भरली नाहीत तर नो डिहायड्रेशन. सिव्हिअरला प्लॅन सी, म्हणजे शिरेतून द्रव; समला प्लॅन बी, म्हणजे चार तास तोंडाने ओआरएस; नो डिहायड्रेशनला प्लॅन ए, म्हणजे ओआरएस देऊन घरी.

बघा, खोल डोळे दोन्ही रकान्यांत आहेत. प्रश्न काढणारे इथेच डाव टाकतात. समजा आपल्याच मुलाच्या केसमध्ये "सावकाश"च्या जागी "फार सावकाश" लिहिलं. मूल अजून चिडचिडं आहे, अजून अधाशासारखं पितंय. बघणाऱ्याला वाटतं, एवढं शुद्धीत असलेलं मूल सिव्हिअर कसं असेल? पण मोजा: डोळे खोल एक, चिमटी फार सावकाश दोन. झालं सिव्हिअर, उत्तर प्लॅन सी.

उलट गोष्टही होते. मूल मलूल आहे, चिमटी सावकाश जाते, डोळे नेहमीसारखे आणि पाणी नेहमीसारखं पितं. सिव्हिअर रकान्यात एकच लक्षण. वरचं एक आणि खालचं एक मिळून सम डिहायड्रेशन होतं, म्हणजे प्लॅन बी. अर्थात मूल मलूल का आहे याचं दुसरं कारणही शोधावं लागेल, साखर कमी झाली का किंवा मेंदूज्वर आहे का, पण वर्गवारीच्या प्रश्नाचं उत्तर त्याने बदलत नाही.

मूळ केसमध्ये सिव्हिअर रकान्यात फक्त डोळे बसतात. एकाने भागत नाही. सम रकान्यात चारही लक्षणं बसतात. म्हणून सम, म्हणून प्लॅन बी. नाडी १४० पाहून घाबरायचं कारण नाही. नऊ महिन्यांच्या, कणकण असलेल्या आणि रडणाऱ्या मुलाची नाडी तेवढी असतेच. नाडीची गोष्ट वेगळी होते ती हात-पाय गार पडलेत, नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात आणि नाडी जलद पण क्षीण आहे, असं तिन्ही लिहिलेलं असेल तेव्हा. तो शॉक आहे, आणि तिथे वेळ घालवायचा नाही.

आकड्यांत सांगायचं तर शरीराच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी गेलं असेल तर ते सहसा या लक्षणांतून दिसत नाही, ५ ते १० टक्के गेलं तर सम, आणि १० च्या वर सिव्हिअर. आजाराआधीचं वजन दिलेली केस असेल तर फरकावरून टक्के काढता येतात. पण घरातलं जुनं वजन बहुतेक वेळा नसतंच, म्हणून तर चिमटी.

प्लॅन बी, चमच्यापर्यंतचा हिशोब

सूत्र साधं: वजन गुणिले ७५ मिली, चार तासांत. ७.२ × ७५ = ५४०. पर्याय दोन तोच.

आता हे ५४० मिली उलट्या करणाऱ्या नऊ महिन्यांच्या मुलाच्या पोटात जाणार कसे? चार तासांत ५४०, म्हणजे तासाला १३५ मिली. पाच मिलीचा चमचा धरला तर तासाला २७ चमचे, म्हणजे साधारण दोन मिनिटांना एक. आईला हेच सांगायचं. तिला "साडेपाचशे मिली द्या" म्हणाल तर ती ग्लास तोंडाला लावेल, मूल गटागटा पिईल आणि सगळं बाहेर काढेल. मग कोणीतरी "तोंडाने टिकत नाही" म्हणून सलाईन लावायला निघेल. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांना एक चमचा. "दोनदा उलटी झाली, पुढे काय?" या प्रश्नाचं उत्तर हेच असतं, शिरेतून द्रव देणं नव्हे.

जुलाब चालू असतानाही आतड्यातून ओआरएस शोषलं जातं, कारण आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी खेचलं जातं. जुलाबात ही वाट बहुतेक शाबूत राहते. म्हणूनच आजच्या कमी तीव्रतेच्या ओआरएसमध्ये दोन्हींचं प्रमाण सारखं ठेवलंय: लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी २४५. पाकीट एक लिटरचं असतं, तसं २०० मिलीचं लहानही मिळतं. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर सोडियम आणि साखर दोन्ही कितीतरी वाढतात आणि मुलाची अवस्था बिघडते. पाकिटावरचा आकडा आईला वाचून दाखवा. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. ओआरएससारखं नाव लावून विकली जाणारी गोड पेयं आणि शीतपेयं यांची ओआरएसशी बरोबरी नाही. त्यातल्या जादा साखरेने जुलाब वाढतात.

चार तास स्तनपान थांबवायचं नाही. हा प्रश्न वेगळ्या रूपात येतोच: "ओआरएस चालू असताना अंगावर पाजावं का?" पाजावं. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर पाणी जास्त झालंय. ओआरएस थांबवून अंगावरचं दूध किंवा साधं पाणी द्यायचं.

आणि चार तासांनी पुन्हा तीच चार लक्षणं, पुन्हा वरून मोजणी. लक्षणं गेली तर प्लॅन ए. सम कायम असेल तर आणखी एकदा प्लॅन बी आणि सोबत खाणं सुरू. सिव्हिअरकडे गेलं तर सी. प्रश्नाच्या पर्यायांत "२४ तासांनी पुन्हा तपासा" दिसलं तर ते लगेच खोडा.

एक बारीक गोष्ट. आईला दुपारची कुरुंदवाडची एसटी गाठायची असते आणि चार तास थांबायला ती तयार नसते. अशा वेळी उरलेलं ओआरएस घरी किती आणि कसं द्यायचं ते तिला कालवून दाखवायचं, चार तास भरण्याइतकी पाकिटं द्यायची, वर आणखी दोन द्यायची. केसमध्ये हा प्रसंग आला तर जबरदस्तीने भरती करणं हे उत्तर नाही.

हेच मूल दोन तासांनी

केस-मालिकेतला दुसरा प्रश्न असा: ओपीडीतच त्याला आणखी सहा मोठे जुलाब झाले. आता आईकडे बघत नाही, चमचा तोंडात घातला तर पाणी ओठांच्या कडेने गळतं, चिमटी तीन सेकंद उभी राहते.

सिव्हिअर रकान्यात चारपैकी चार. चार तास पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. प्लॅन सी: वजन गुणिले १०० मिली, रिंगर लॅक्टेट. ते नसेल तर नॉर्मल सलाईन. नुसतं डेक्स्ट्रोज कधीच नाही, त्यात सोडियम नाही, ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही. चौथ्या पर्यायातलं डेक्स्ट्रोज म्हणूनच कुठल्याच परिस्थितीत बरोबर ठरत नाही. अँटिबायोटिकही नाही, कारण रक्त नसलेल्या पाण्यासारख्या जुलाबात त्याचं काम नसतं. कॉलऱ्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी.

एकूण ७२० मिली. पण सगळं एका वेगाने नाही. आधी किलोला ३०, मग किलोला ७०. एक वर्षाच्या आतल्या मुलाला पहिला भाग एका तासात, दुसरा पाच तासांत. एक वर्ष ते पाच वर्षे असेल तर पहिला अर्ध्या तासात, दुसरा अडीच तासांत. आपलं मूल नऊ महिन्यांचं, म्हणून:

```
३० × ७.२ = २१६ मिली, १ तासात
७० × ७.२ = ५०४ मिली, ५ तासांत
```

हे थेंबांत बदलूया. आपल्याकडच्या साध्या सेटमध्ये बहुतेक वेळा एका मिलीला २० थेंब, पण सेटच्या पिशवीवर लिहिलेलं वाचा, १५ चेही असतात. तासाला २१६ म्हणजे मिनिटाला ३.६ मिली, म्हणजे ७२ थेंब. पुढच्या पाच तासांत मिनिटाला १.६८ मिली, म्हणजे सुमारे ३४ थेंब. पहिल्या तासानंतर चिमटा फिरवून वेग निम्म्याहून कमी करायचा असतो आणि तोच विसरला जातो. वॉर्डात ड्युटी बदलण्याच्या वेळी ७२ थेंब तसेच चालू राहिले, तर पाच तासांचं पाणी अडीच तासांतच संपतं.

बाटलीकडे बघितलं तर आणखी एक गोष्ट कळते. रिंगर लॅक्टेटची बाटली ५०० मिलीची. पहिल्या टप्प्यात २१६ गेले की बाटलीत २८४ उरतात. लावतानाच २८४ च्या रेघेवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली, की नर्सताईंना आणि तुम्हाला दुरूनही दिसतं. दुसऱ्या टप्प्याचे ५०४ म्हणजे उरलेले २८४ आणि दुसऱ्या बाटलीतले २२०. दुसरी बाटली पूर्ण चढवायची नाही. अंतिम परीक्षेच्या तोंडीला "बाटली किती लागतील?" असं विचारलं, की हिशोब पक्का असलेली मुलं इथेच वेगळी कळतात.

मूल चौदा महिन्यांचं असतं तर मिली तेवढेच, वेग मात्र दुप्पट: २१६ मिली अर्ध्या तासात म्हणजे मिनिटाला १४४ थेंब. एका शिरेतून तेवढं जात नसेल तर दुसरी शीर शोधावी लागते. पर्यायांत नेमके हेच दोन वेग शेजारी ठेवतात, म्हणून वयाखाली मारलेली रेघ इथे कामी येते. बरोबर बारा महिन्यांचं मूल मोठ्यांच्या गटात जातं.

पहिला भाग संपल्यावर मनगटाची नाडी बघा. लागतच नसेल किंवा फार क्षीण असेल तर किलोला ३० मिली आणखी एकदा त्याच वेळात. मुलाला पिता यायला लागलं की, शीर चालू असतानाच, तासाला किलोमागे सुमारे ५ मिली ओआरएस सुरू करायचं. आपल्या मुलाला ते तासाला ३६ मिली, जेमतेम सात चमचे. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम थोडंच असतं, ग्लुकोज नसतं, ते ओआरएसमधून मिळायला लागतं. एक वर्षाच्या आतल्या मुलाची पूर्ण फेरतपासणी सहा तासांनी, मोठ्याची तीन तासांनी, आणि मधल्या काळात लक्ष ठेवून राहायचं. सहा तासांनी पुन्हा चार लक्षणं, पुन्हा योग्य तो प्लॅन.

गगनबावड्यात शीर मिळाली नाही तर

आयएमएनसीआयच्या प्रश्नांना हा धागा आवडतो. समजा हेच मूल गगनबावड्याच्या एका उपकेंद्रात आहे, बाहेर धो-धो पाऊस, घाटात दरड, शिरेतून द्रव देता येईल असं ठिकाण अर्ध्या तासाच्या आत नाही. आता प्रश्न क्रमाने विचारायचे. इथेच लगेच शीर लावता येते का? नाही. अर्ध्या तासाच्या आत कुठे मिळेल का? मिळत असती तर तातडीने पाठवायचं आणि पिता येत असेल तर वाटेत आईने घोट-घोट ओआरएस देत राहायचं. तेही नाही. मग नाकातून पोटात नळी घालायचं प्रशिक्षण कोणाला आहे का? असेल तर नळीतून ओआरएस, तासाला किलोमागे २० मिली, सहा तास. आपल्या मुलाला तासाला १४४ मिली.

पोट फुगायला लागलं किंवा सारख्या उलट्या झाल्या तर वेग कमी करायचा. तीन तासांत सुधारणा नसेल तर शिरेसाठी पाठवायचं. नळीही जमत नसेल आणि मूल पीत असेल तर हेच पाणी त्याच वेगाने तोंडाने. पीतही नसेल तर दुसरा मार्ग नाही, तातडीने पाठवा.

पर्यायांत "शीर मिळेपर्यंत वाट पाहा" असतं. ते नेहमी चूक.

प्लॅन ए थोडक्यात

इथे फार काही सांगण्यासारखं नाही. दोन वर्षांपर्यंत प्रत्येक पातळ संडासानंतर ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली. ताक, डाळीचं पाणी, मीठ घातलेली तांदळाची पेज चालते, पण सहा महिन्यांच्या आतल्या फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचं दूध आणि ओआरएस एवढंच. खाणं चालू. झिंक भारतात १४ दिवस: दोन ते सहा महिने १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांपासून पुढे २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब त्याने कमी होतात. आपल्या मुलाला २० मिलिग्रॅम, चमच्यात विरघळवून. आणि कधी परत यायचं ते आईला सांगायचं: पिणं बंद झालं, मूल जास्त आजारी वाटलं, ताप आला किंवा संडासात रक्त दिसलं तर लगेच.

जिथे हा तक्ता फसवतो

कुपोषणाकडे येऊ. केस तीच, पण दंडाचा घेर १०.९ सेंटिमीटर, वजन ५ किलो. डोळे खोल, चिमटी फार सावकाश. तक्ता सरळ लावला तर सिव्हिअर, ५०० मिली शिरेतून. हे उत्तर जिवावर बेतू शकतं. कातडीखालची चरबीच झडलेली असते, त्यामुळे पाणी भरपूर असूनही चिमटी उभी राहते, आणि डोळे खोल असतातच. उलट पायांवर सूज असलेल्या मुलात पाणी कमी असूनही चिमटी लगेच जाते. त्यातून कुपोषित हृदयाला एकदम आलेलं पाणी पेलवत नाही, आणि शरीरात सोडियम आधीच जास्त, पोटॅशियम कमी असतं.

म्हणून इथे लक्षणांपेक्षा इतिहास मोलाचा: अलीकडे पाण्यासारखे जुलाब झाले का, डोळे आजारपणात खोल गेले की महिन्यांपासून तसेच आहेत. पाणी कमी झालंय असं मानलं तर तोंडाने किंवा नळीने, किलोमागे ५ मिली, दर अर्ध्या तासाला, पहिले दोन तास. ५ किलोच्या मुलाला प्रत्येक वेळी २५ मिली. नंतर तासाला किलोमागे ५ ते १० मिली. भारतात यासाठी सहसा कमी तीव्रतेचं ओआरएस घेऊन त्यात पोटॅशियम वाढवतात. दर अर्ध्या तासाला नाडी आणि श्वास मोजायचे. दोन्ही चढायला लागले तर पाणी थांबवायचं, हृदयावर ताण येतोय. शिरेतून द्रव फक्त शॉक असेल तरच, आणि तेही किलोमागे १५ मिली एका तासात, साखर असलेलं, शेजारी उभं राहून.

दुसरा फसवा प्रकार सोडियम वाढलेल्या डिहायड्रेशनचा. घट्ट कालवलेलं ओआरएस किंवा पावडरचं दूध दिलेलं बाळ. पाणी पेशींतून बाहेर खेचलं जातं, म्हणून रक्ताभिसरण बराच वेळ सावरलेलं दिसतं आणि कातडी उभी न राहता मळलेल्या कणकेसारखी लागते. अशा मुलात तक्ता पाण्याची तूट कमी दाखवतो. केसमध्ये "फार चिडचिडं, अतिशय तहानलेलं, झटके" यांसोबत पाकीट अर्ध्या पाण्यात कालवल्याचा उल्लेख आला तर सोडियम मागवा, आणि तूट एकदम न भरता सावकाश, दोन दिवसांत भरा. घाईने सोडियम खाली आणलं तर मेंदूला सूज येते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या तक्त्यात पाणी पिण्याचं लक्षण नसतं. तिथे मोजायला तीनच गोष्टी उरतात: हालचाल, डोळे आणि चिमटी. केसमध्ये "दीड महिन्याचं बाळ, अधाशासारखं पितं" असं लिहिलं असेल तर ते वाक्य सोडून बाकीचं मोजा.